कॅश फ्लोमध्ये ३०,००० चा फरक, दोन दिवस झाले सापडत नाहीये

वहीतलंपान
नमस्कार मंडळी. टीवायबीकॉमला आहे, परीक्षा तेरा दिवसांवर आलीये. कॅश फ्लोचं एक गणित अप्रत्यक्ष पद्धतीने सोडवायचंय आणि शेवटी फरक पडतोय. क्लासच्या सरांना फोन केला तर म्हणाले, "परत एकदा शांतपणे बघ." चार वेळा शांतपणे बघून झालं.

आधी ३१ मार्च २०२४ चा आकडा, मग ३१ मार्च २०२५ चा:

समभाग भांडवल ५,००,००० / ६,००,०००
सामान्य राखीव निधी ६०,००० / ८०,०००
नफा-तोटा शिल्लक १,२०,००० / १,८०,०००
१०% कर्जरोखे २,००,००० / १,५०,०००
व्यापारी देणी ९०,००० / ७५,०००
कराची तरतूद ४०,००० / ५०,०००

यंत्रसामग्री, मूळ किंमत ६,००,००० / ७,२०,०००
त्यावरचा साचलेला घसारा १,५०,००० / १,८०,०००
मालसाठा २,००,००० / २,४०,०००
व्यापारी येणी २,६०,००० / २,३५,०००
रोख व बँक १,००,००० / १,२०,०००

जादा माहिती: ८०,००० ला घेतलेलं एक मशीन २२,००० ला विकलं, त्यावर ५०,००० घसारा साचला होता. वर्षात कराची तरतूद ५५,००० केली. कर्जरोख्यांची फेड वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी झाली. प्रस्तावित लाभांश २०२३-२४ साठी ४५,००० आणि २०२४-२५ साठी ६०,०००.

म्हणजे रोख २०,००० ने वाढायला हवी. माझी ५०,००० ने वाढतेय. माझं उत्तर: ऑपरेटिंग १,६३,०००, इन्व्हेस्टिंग उणे ९८,०००, फायनान्सिंग उणे १५,०००. कुठं चुकलं?

गोदाकाठ
अप्रत्यक्ष म्हणजे जीएसटी ना? तो ऑपरेटिंगमध्येच येतो. पण तुमच्या गणितात जीएसटीचा आकडाच दिलेला दिसत नाही, फरक त्याचाच असणार.

वहीतलंपान
नाही हो दादा, अप्रत्यक्ष कर नाही. अप्रत्यक्ष पद्धत. म्हणजे नफ्यापासून सुरुवात करून मागे मागे जात रोखीपर्यंत पोचायचं.

गोदाकाठ
अच्छा. मग मी बाजूला बसून वाचतो.

हिशेबी_माणूस
सोपं आहे. मशीन विकताना ८,००० तोटा झालाय. मशीन ही गुंतवणुकीची बाब, म्हणून तोटाही इन्व्हेस्टिंगचा. तू तो ऑपरेटिंगमध्ये मिळवला असशील, तिथून काढ. मी स्वतः असली गणितं करताना मशीनची पुस्तकी किंमत इन्व्हेस्टिंगमध्ये लिहितो आणि तोट्याला हातच लावत नाही. टॅली होतं.

खतावणी
पान, तुझं कच्चं काम न बघता सांगते. विकलेल्या मशीनची मूळ किंमत ८०,०००, साचलेला घसारा ५०,०००. वजाबाकी कर आणि तुझ्या फरकाशेजारी ठेव.

वहीतलंपान
३०,०००!! अगदी तेवढाच. पण विकलेलं मशीन मी विसरले नाहीये ताई. इन्व्हेस्टिंगमध्ये २२,००० दाखवलेत, तोटा ८,००० नफ्यात मिळवलाय.

खतावणी
विक्री दाखवलीस, पण मशीन खात्यातून बाहेर काढलं नाहीस. नवीन मशीन किती घेतलं म्हणून लिहिलंस? १,२०,०००. घसारा किती धरलास? ३०,०००. बरोबर ना?

वहीतलंपान
हो. ७,२० वजा ६,००. आणि १,८० वजा १,५०. ताळेबंदात तेच दिसतंय.

खतावणी
ताळेबंदात दोन दिवसांचे फोटो असतात. मधल्या वर्षात कोण आत आलं आणि कोण बाहेर गेलं हे फोटोत कसं दिसणार? त्यासाठी खातं उघडावं लागतं. कागदावर एक टी काढ, किंवा एका ओळीत मांड:

```
६,००,००० − ८,०,००० असं नव्हे, नीट लिही:
६,००,००० − ८०,००० + नवी खरेदी = ७,२०,०००
१,५०,००० − ५०,००० + वर्षाचा घसारा = १,८०,०००
```

पहिली ओळ मुद्दाम ठेवली आहे. स्वल्पविराम सरकला की काय होतं ते दरवर्षी उत्तरपत्रिकांत बघते.

मशीनचं आधी घेऊ. वर्षाच्या सुरुवातीला ६ लाखांची मशीनं होती. त्यातलं ८०,००० वालं गेलं, म्हणजे ५,२०,००० उरली. वर्षाअखेरीला ७,२०,००० आहेत. मधलं अंतर २ लाखांचं, तेवढी नवी खरेदी. तू १,२०,००० धरलीस, म्हणजे ८०,००० रोख बाहेर गेलेली तुझ्या पत्रकात दिसलीच नाही.

आता घसारा. साचलेले १,५०,००० होते. विकलेलं मशीन जाताना आपला ५०,००० चा घसाराही बरोबर घेऊन गेलं, मागे राहिले १,००,०००. अखेरीला १,८०,००० आहेत, म्हणजे या वर्षाचा घसारा ८०,०००. तू ३०,००० मिळवलास, ५०,००० कमी पडले.

एकीकडे ८०,००० जास्त, दुसरीकडे ५०,००० कमी. निव्वळ फरक ३०,००० जास्तीचा. विकलेल्या मशीनची पुस्तकी किंमतही तेवढीच, आणि तो योगायोग नाही.

वहीतलंपान
अरे देवा. म्हणजे फरकाचा आकडाच सांगतो कुठं चुकलंय ते?

खतावणी
या जागेपुरतं सांगतो. फरक पुस्तकी किमतीएवढा आला तर मशीनचं खातंही उघडलेलं नसतं आणि घसाऱ्याचंही. ८०,००० ने रोख जास्त दिसली तर घसारा बरोबर निघालाय, खरेदी चुकलीय. ५०,००० ने कमी दिसली तर उलटं, खरेदी बरोबर आणि घसारा चुकलाय. मात्र गणितात दुसरीही चूक असेल तर दोन्ही आकडे मिसळतात आणि मग हा नेम लागत नाही.

रद्दीतलासोनं
मध्येच विचारतो. आमच्या प्रश्नपत्रिकेत साचलेला घसारा वेगळा नसतोच. यंत्रसामग्री थेट निव्वळ आकड्याने देतात आणि वर्षाचा घसारा खाली टीपेत. तेव्हा काय करायचं?

खतावणी
मग एकच खातं. याच गणितात निव्वळ आकडे ४,५०,००० आणि ५,४०,०००. सुरुवातीच्या ४,५०,००० मधून विकलेल्याची पुस्तकी किंमत ३०,००० काढायची, वर्षाचा घसारा ८०,००० काढायचा, उरतात ३,४०,०००. अखेरीला ५,४०,००० दिसायला हवेत, म्हणजे खरेदी २ लाखच. तिथे विकलेलं मशीन विसरलास तर खरेदी १,७०,००० येईल आणि फरक पुन्हा ३०,००० चाच पडेल.

गोत्यात कधी येतो सांगू? मूळ किमतीच्या खात्यातून पुस्तकी किंमत काढली किंवा निव्वळ खात्यातून मूळ किंमत काढली की. प्रश्नात 'निव्वळ' किंवा 'घसारा वजा जाता' हे शब्द आहेत का, तेवढं आधी बघायचं. पोरं ते वाचायच्या आधीच आकडे उतरवायला लागतात.

हिशेबी_माणूस
माझ्या मुद्द्याला कुणी उत्तरच दिलं नाही. माझ्या पद्धतीने टॅली होतं की नाही? करून बघा. तोटा मिळवायचा नाही, इन्व्हेस्टिंगमध्ये ३०,००० लिहायचे. ऑपरेटिंग ८,००० ने कमी येतं, इन्व्हेस्टिंग ८,००० ने सुधारतं, बेरीज तीच.

खतावणी
होतं की, टॅली होतं. तुमचं ऑपरेटिंग २,०५,००० येईल, इन्व्हेस्टिंग उणे १,७०,०००, फायनान्सिंग उणे १५,०००, आणि उत्तर २०,०००. पण मला सांगा, मशीन घेणाऱ्याने तुमच्या हातात किती ठेवले?

हिशेबी_माणूस
२२,०००.

खतावणी
मग पत्रकात ३०,००० आले असं कसं लिहायचं? ते ८,००० कुठूनही आलेले नाहीत. मशीनची पुस्तकातली किंमत बाजारातल्या किमतीपेक्षा जास्त राहिली होती, एवढाच त्या तोट्याचा अर्थ. नफा काढताना हा तोटा वजा झाला, पण त्या दिवशी गल्ल्यातून काही गेलं नाही. म्हणून तो नफ्यात परत मिळवायचा, घसाऱ्यासारखाच. मशीन विकल्याचे जे खरे पैसे आले ते २२,०००, ते इन्व्हेस्टिंगमध्ये.

तोटा गुंतवणुकीशी संबंधित आहे हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच तर तो ऑपरेटिंगमधून बाहेर काढायचा. 'मिळवणे' हा शब्द फसवतो. ऑपरेटिंगमध्ये मिळवतो म्हणजे तिथे आत घेतो असं वाटतं. प्रत्यक्षात नफ्यात आधीच घुसलेली परकी वजाबाकी आपण पुसतोय. मशीन नफ्यात गेलं असतं तर तो नफा वजा केला असता, कारण तसा तो विक्रीच्या रकमेत इन्व्हेस्टिंगमध्ये आलेलाच असतो.

हिशेबी_माणूस
पुसतोय हा शब्द पटला. पण मग टॅली होण्याला अर्थ काय राहिला?

खतावणी
बेरीज जुळते याचा अर्थ कुठलीही बाब सुटली नाही आणि दोनदा आली नाही. बाब चुकीच्या घरात बसली तर बेरजेला ते कळतही नाही. या गणितातलं कर्जरोख्यांवरचं २०,००० व्याज कुणी नफ्यात मिळवलंच नाही आणि खाली फायनान्सिंगमध्येही दाखवलं नाही, तरी ते नफ्यातून वजा झालेलंच राहतं, म्हणून उत्तर २०,००० च येतं. दोन्ही उपबेरजा मात्र चुकतात आणि मार्क उपबेरजांना असतात.

पासबुक
इथे मला हरकत घ्यायची आहे. मी पतसंस्थेत अकरा वर्षं आहे. आमच्याकडे ठेवींवर दिलेलं व्याज ऑपरेटिंगमध्येच दाखवतात, ऑडिटर स्वतः तसं करतो. तुम्ही फायनान्सिंग म्हणताय.

खतावणी
तुमचा ऑडिटर बरोबर आहे. व्याज घेणं आणि देणं हाच तुमचा धंदा. कापडवाल्याला कापड तसं तुम्हाला व्याज. पानच्या गणितातली कंपनी मशीनवर माल बनवते, तिने पैसे उभे करण्यासाठी कर्जरोखे काढलेत. तिचं दिलेलं व्याज फायनान्सिंग, आणि तिला कुठून व्याज मिळालं असतं तर ते इन्व्हेस्टिंग. एएस ३ या लेखामानकात वित्तीय संस्था आणि इतर असा हा भेद स्पष्ट लिहिलेला आहे.

पासबुक
मग ठीक. मी आमच्याच चष्म्यातून बघत होतो.

वहीतलंपान
ताई, व्याज मी २०,००० धरलंय, ते बरोबर ना? अखेरीला कर्जरोखे दीड लाखच उरलेत म्हणून मैत्रीण १५,००० म्हणतेय.

खतावणी
बरोबर आहे. फेड शेवटच्या दिवशी झाली, म्हणजे वर्षभर २ लाख डोक्यावर होते. फेड १ एप्रिललाच झाली असती तर मैत्रीण बरोबर ठरली असती. प्रश्नात तारीख उगाच देत नाहीत.

वहीतलंपान
अजून एक. लाभांशाचं मी बरोबर केलंय, पण का ते कळलेलं नाही. सरांनी सांगितलं, मागच्या वर्षीचा ४५,००० नफ्यात मिळवायचा आणि तोच फायनान्सिंगमध्ये वजा करायचा. मग ६०,००० चं काय? तो आकडा नुसता दिशाभूल करायला दिलाय का?

रोजमेळ
सरांचं अर्धवट आहे बाळा. मी साखर कारखान्यात लेखा विभागात पस्तीस वर्षं काढली, निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. चालू वर्षाचा प्रस्तावित लाभांश नफ्यात मिळवायचा, कारण तो नफ्यातून वाटप केलेला असतो. मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष दिला जातो, तो फायनान्सिंगमध्ये. म्हणजे ६०,००० मिळव, ४५,००० वजा कर. आम्ही कायम असंच केलं.

वहीतलंपान
काका, तसं केलं तर १५,००० चा नवीन फरक पडतोय.

खतावणी
रोजमेळ काका, तुमची पद्धत तुमच्या काळच्या ताळेबंदाला अगदी बरोबर होती. तेव्हा संचालकांनी लाभांश सुचवला की त्याच वर्षी नफ्यातून वजा व्हायचा आणि 'प्रस्तावित लाभांश' म्हणून देण्याच्या बाजूला बसायचा. नफा-तोटा शिल्लक तो वजा जाऊन उरलेली असायची, म्हणून परत मिळवावा लागायचा.

२०१६ मध्ये एएस ४ बदललं. संचालकांनी सुचवलं म्हणजे देणं झालं असं आता धरत नाहीत. वार्षिक सभेत भागधारकांनी मंजूर केल्यावरच ते देणं, आणि ही सभा वर्ष संपल्यावर काही महिन्यांनी होते. तोवर तो आकडा नुसता टीपेत. पानच्या गणितात देण्याच्या बाजूला प्रस्तावित लाभांश आहे का बघा. नाहीये. म्हणजे १,८०,००० च्या शिल्लकेतून ते ६०,००० अजून गेलेलेच नाहीत. जे गेलं नाही ते परत काय मिळवायचं?

आणि मागच्या वर्षीचे ४५,०००? ते या वर्षीच्या सभेत मंजूर झाले, या वर्षीच शिल्लकेतून वजा झाले आणि या वर्षीच दिले गेले. म्हणून तेच मिळवायचे आणि तेच खाली वजा करायचे. ६०,००० पुढच्या वर्षीच्या पत्रकात येतील.

रोजमेळ
बदललं का. मला कुणी कळवलं नाही! आमच्या वेळी तर फंड फ्लो असायचा, कॅश फ्लो नंतर आला. बरं, जुन्या पुस्तकातलं गणित सोडवायला घेतलं तर पोरीने काय करायचं?

खतावणी
ताळेबंदात देण्याच्या बाजूला 'प्रस्तावित लाभांश' नावाची ओळ आकड्यासह असेल तर तुमची पद्धत, टीपेत असेल तर नवी. रद्दीतून आणलेल्या पुस्तकांत अजून जुनीच गणितं आहेत, तिथे तुमचाच सल्ला लागू पडतो काका.

मिरचीकांडप
ताई, मी विद्यार्थी नाही, माझा मसाला कांडपाचा छोटा कारखाना आहे. बँकेने कर्ज वाढवून देताना कॅश फ्लो मागितला, आमच्या अकाउंटंटने करून दिला. त्यात दोन गोष्टी मला खटकल्या. एक, डिलिव्हरीसाठी ९ लाखांचा टेम्पो घेतला. माझे २ लाख, बाकी ७ लाख बँकेने परस्पर डीलरला दिले. माझ्या खात्यात ते ७ लाख आलेच नाहीत. तरी पत्रकात इन्व्हेस्टिंगमध्ये ९ लाख गेले आणि फायनान्सिंगमध्ये ७ लाख आले असं लिहिलंय. दोन, माझी सीसी, म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट. तो म्हणतो फायनान्सिंग, मी म्हणतो ते तर रोजच्या मिरचीच्या खरेदीचे पैसे आहेत, ऑपरेटिंगच असणार.

हिशेबी_माणूस
सीसी ऑपरेटिंगच. खेळतं भांडवल आहे ते.

खतावणी
सीसीचं आधी. मिरची आणायला वापरलेत म्हणून ते पैसे ऑपरेटिंग होत नाहीत. मिरचीवाल्याला दिले ते ऑपरेटिंग. बँकेकडून उचलले ते उसने, म्हणून फायनान्सिंग. पैसे कशासाठी वापरले ते त्या खर्चाचं घर ठरवतं, कुठून आले ते आलेल्या पैशाचं. हिशेबीभाऊ, खेळतं भांडवल म्हणून आपण मालसाठा, येणी, देणी यांचे फरक धरतो, बँकेची उधारी त्यात धरत नाही. परीक्षेतही सीसी आणि ओव्हरड्राफ्ट फायनान्सिंगमध्येच लिहितात.

मिरचीकांडप
पण दुसऱ्या एका ओळखीच्या सीएने सांगितलं की ओव्हरड्राफ्ट कधीकधी सरळ रोखीतूनच वजा करतात, तिन्हीपैकी कुठेच दाखवत नाहीत.

खतावणी
ते इंड एएस ७ या दुसऱ्या लेखामानकात. मागताक्षणी फेडायचा ओव्हरड्राफ्ट कंपनीच्या रोख व्यवस्थापनाचाच भाग असेल तर तो रोखीतच धरतात. त्याची खूण म्हणून तिथे लिहिलंय की शिल्लक वारंवार कधी जमा तर कधी ओव्हरड्रॉन अशी हलत राहते. तुमची सीसी कधी जमेत जाते का?

मिरचीकांडप
छे हो. दहा लाखांची मर्यादा, साडेनऊच्या खाली गेली तर मला सण वाटतो.

खतावणी
मग ती कायमची उधारीच झाली. शिवाय तुम्हाला इंड एएस लागूही नाही.

टेम्पोचं मात्र मी छातीठोक सांगणार नाही. एएस ३ म्हणतं, गुंतवणुकीच्या किंवा वित्ताच्या ज्या व्यवहारात रोख लागलीच नाही तो पत्रकातून वगळा आणि त्याची माहिती वेगळी द्या. शेअर देऊन इमारत घेतली, हे नेहमीचं उदाहरण. त्या हिशेबाने तुमचे फक्त २ लाख इन्व्हेस्टिंगमध्ये आणि ७ लाख टीपेत. पण दुसरी बाजू अशी की बँकेने ते ७ लाख तुमच्या वतीने, तुमच्या सहीवर डीलरला दिले. खात्यातून फिरवले असते तरी तेच झालं असतं. असं मानलं तर अकाउंटंटने लिहिलंय तेच बरोबर. दोन्हीत निव्वळ उणे २ लाखच. मी पहिल्या बाजूची.

रोजमेळ
मी दुसऱ्या बाजूचा. कर्ज घेतलं ते घेतलंच, बँकेच्या चेकवर कुणाचं नाव होतं त्याने काय फरक पडतो?

खतावणी
पडतो काका, तुमच्या रोजमेळात त्या दिवशी कुठली नोंद झाली असती सांगा.

रोजमेळ
रोजमेळात नाही, जर्नलमध्ये गेली असती. हं.

मिरचीकांडप
म्हणजे ठरलं नाही तर. आणि हप्ता?

खतावणी
मुद्दल आणि व्याज, दोन्ही फायनान्सिंग. पण वेगवेगळ्या ओळींत दाखवा, एकत्र करू नका. व्याज नफ्यातून वजा झालेलं असतं म्हणून ते वर मिळवावं लागतं, मुद्दल नफ्यात आलेलंच नसतं. पूर्ण हप्ता वर मिळवून टाकणारे मी पाहिलेत.

मिरचीकांडप
बँक मॅनेजरने पत्रक उघडलंसुद्धा नाही, ते सांगायचं राहिलं. फक्त शेवटची ओळ बघितली.

वहीतलंपान
सगळं नव्याने मांडलं. कुणी नजर टाकाल का?

```
शिल्लकेतली वाढ               ६०,०००
राखीव निधीकडे वर्ग            २०,०००
दिलेला लाभांश                ४५,०००
कराची तरतूद                 ५५,०००
करपूर्व नफा                १,८०,०००
घसारा                       ८०,०००
मशीन विक्रीचा तोटा             ८,०००
कर्जरोख्यांवरचं व्याज           २०,०००
                         २,८८,०००
मालसाठा, येणी, देणी         −३०,०००
भरलेला कर                 −४५,०००
ऑपरेटिंग                  २,१३,०००
```

इन्व्हेस्टिंग: खरेदी उणे २,००,०००, विक्री २२,०००, एकूण उणे १,७८,०००.
फायनान्सिंग: शेअर १,००,०००, कर्जरोखे उणे ५०,०००, व्याज उणे २०,०००, लाभांश उणे ४५,०००, एकूण उणे १५,०००.
बेरीज २०,०००. जुळलं!!

गोदाकाठ
कर ४५,००० कुठून आला? तरतूद तर ५५,००० आहे. बाजूला बसून एवढं तरी कळायला हवं होतं मला.

वहीतलंपान
तिथेही खातंच, दादा. सुरुवातीला ४०,००० देणं होतं, ५५,००० नवीन, एकूण ९५,०००. अखेरीला ५०,००० बाकी राहिले, म्हणजे ४५,००० भरले.

गोदाकाठ
हे जीएसटीपेक्षा सोपं आहे.

खतावणी
बरोबर आहे सगळं. मालसाठा, येणी आणि देणी मात्र परीक्षेत एका ओळीत उरकू नकोस. उणे ४०,०००, अधिक २५,०००, उणे १५,००० अशा तीन ओळी लिही. एखादं चिन्ह चुकलं तरी बाकीच्या दोन ओळींचे मार्क हातात राहतात.

वहीतलंपान
पुढचं गणित घेतलंय. यात फरक १२,५०० आहे, रोख जास्त दिसतेय. विकलेल्या गाडीची पुस्तकी किंमत ४०,००० आहे, म्हणजे ते नाही. गाडीचं खातंही उघडलंय, घसाऱ्याचंही.

खतावणी
कर्जरोखे प्रीमियमने फेडलेत का?

वहीतलंपान
२,५०,००० चे, ५% ने. प्रीमियम नफा-तोट्याला लिहिलाय, तो मी वर मिळवला. आणि खाली फेड… २,५०,००० च लिहिलीये. २,६२,५०० हवी होती.